काळ्या चौकटीतला विठ्ठल

आषाढी जवळ आली की वारीच्या व्हिडिओवर विठ्ठलाची बॅकग्राउंड काढलेली प्रतिमा बसवण्याची कामं सुरू होतात. खाली दिंडी चाललेली, वर एका बाजूला कटेवर हात ठेवलेली मूर्ती हळूहळू उमटते आणि विरते. पण बऱ्याच व्हिडिओंत मूर्ती एकटी येत नाही, तिच्याभोवती काळा चौकोन येतो. तो घालवायला एडिटर ब्लेंड मोड Screen करतो. चौकोन जातो, पण मूर्तीही जवळजवळ सगळी जाते, कारण ती काळ्या पाषाणाची आहे. उरतो मुकुट, पीतांबर, माळ आणि कपाळावरचा टिळा. दोष एडिटिंगमध्ये शोधला जातो. खरं तर तो त्याआधीच, ओव्हरलेची फाइल सेव्ह होताना घडलेला असतो.

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. पीएनजीमध्ये चौथा असू शकतो. त्याला अल्फा म्हणतात. ० म्हणजे पिक्सेल पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, आणि मधले सगळे टप्पे. चित्राबरोबरच हा चॅनेल साठवण्याची कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी मांडली. एकावर एक चित्र कसं बसवायचं याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली नीट लिहून ठेवलं. आजची सगळी एडिटिंग सॉफ्टवेअर तेच गणित करतात.

मूर्तीच्या खांद्याच्या कडेवरचा एक पिक्सेल घ्या. पाषाणाची छटा ४०, अल्फा १२८, म्हणजे साधारण निम्मा. खाली वारकऱ्याचा पांढरा सदरा आहे, त्याची छटा २३०. वरच्याचे निम्मे २०, खालच्याचे निम्मे ११५, बेरीज १३५. अशा कडा करड्या होत जातात, म्हणूनच मूर्ती कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसत नाही. चौथा आकडा गेला तर हे गणितच करता येत नाही.

स्थिर प्रतिमा बसवायची असेल तर काम साधं आहे. दिंडीचा व्हिडिओ खालच्या ट्रॅकवर, पीएनजी वरच्या ट्रॅकवर. सॉफ्टवेअर अल्फा आपोआप वाचतं. उमटणं-विरणं ऑपॅसिटीच्या कीफ्रेमने तिथेच करावं. पीएनजीचं व्हिडिओत रूपांतर करण्याची काहीही गरज नाही, आणि माझं मत असं की जोवर गरज नाही तोवर ते करूच नये. घोटाळा इथे होतो तो पीएनजी खरी नसल्यामुळे. कुणी ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली असते, वाटेत तिची जेपीईजी होते, आणि जेपीईजीत अल्फाला जागाच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी पोचते. दुसरा प्रकार इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘ट्रान्स्परंट’ चित्रांचा. त्यांत करड्या-पांढऱ्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. टाइमलाइनवर टाकताच त्या मूर्तीमागे दिसू लागतात आणि खरं काय ते कळतं.

अडचण सुरू होते ती हलत्या ओव्हरलेपासून. मंडळाला मूर्ती उमटते, माळ हलते, खाली नाव येतं असा सहा सेकंदांचा तुकडा हवा असतो. तो कुणी एक जण ॲनिमेशन करून देतो आणि बाकीचे आपापल्या व्हिडिओवर वापरतात. हा तुकडा सवयीने एमपी४ करून दिला जातो. एमपी४मध्ये बहुतेक वेळा एच.२६४ कोडेक असतो, आणि रोजच्या वापरातला एच.२६४ उजेडाचा एक आणि रंगाचे दोन असे तीनच पट साठवतो. चौथा तो लिहीतच नाही. सॉफ्टवेअर मग मूर्ती काळ्या पाटीवर बसवून ते सपाट चित्र साठवतं. इशारा येत नाही, एक्सपोर्ट शंभर टक्के पूर्ण होतो.

यावर ‘मग एमओव्ही करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. एमओव्ही हे फक्त वेष्टन आहे. आत एच.२६४ असेल तर पारदर्शकता गेलीच. आत प्रोरेस ४२२ असेल तरीही गेली, मग ती एचक्यू का असेना. प्रोरेस ४४४४ असेल तर राहते, कारण त्या चार आकड्यांतला शेवटचा ४ अल्फासाठीच आहे. ४२२ला चौथा आकडाच नाही, एवढं पाहिलं तरी कोडेक निवडताना चूक टळते. जुना क्विकटाइम ॲनिमेशन कोडेकही अल्फा ठेवतो, पण फाइल फार मोठी करतो. आज नवं काम करणाऱ्यानं प्रोरेस ४४४४च धरावं.

तेही पुरेसं नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये Output Module उघडलं की Channels समोर RGB लिहिलेलं असतं. कोडेक ४४४४ निवडला आणि हा पर्याय तसाच ठेवला तर फाइल जड होते आणि अल्फा तरीही येत नाही. तिथे RGB + Alpha करावं लागतं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये Export Alpha ही चौकट टिचकवावी लागते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ याच एका चौकटीपायी वाया जातो, कारण माणूस कोडेक बरोबर निवडल्याच्या खात्रीत असतो आणि तिकडे पुन्हा पाहत नाही.

वजनाची तयारी मात्र ठेवावी. ॲपलच्या आकड्यांनुसार १९२०×१०८० आणि सेकंदाला ३० फ्रेम असताना प्रोरेस ४४४४ सुमारे ३३० मेगाबिट प्रतिसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला जवळपास ४० एमबी. सहा सेकंदांचे २४० एमबी झाले. फ्रेमचा बहुतेक भाग रिकामा असला तर फाइल याहून बरीच लहान होते. तरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून ती पाठवू नये. तिथे तिची पुन्हा एमपी४ होते आणि सगळं मुसळ केरात.

मूर्तीच्या स्थिर पीएनजीवरून असा तुकडा ffmpeg मधून थेटही करता येतो:

```
ffmpeg -loop 1 -i vitthal.png -t 6 \
 -vf "format=rgba,fade=t=in:st=0:d=1:alpha=1,fade=t=out:st=5:d=1:alpha=1" \
 -c:v prores_ks -profile:v 4444 \
 -pix_fmt yuva444p10le vitthal.mov
```

यात `alpha=1` महत्त्वाचं. ते नसेल तर चित्र पारदर्शकतेकडे न जाता काळ्याकडे विरतं. `yuva` मधला `a` म्हणजे अल्फा.

फाइल आली की ती प्लेअरमध्ये उघडून निकाल देऊ नये. बरेच प्लेअर पारदर्शक भाग काळाच दाखवतात, त्यामुळे चांगली फाइलही बिघडलेली वाटते. टाइमलाइनवर खाली एक झगझगीत गुलाबी पट्टी टाका आणि वर ओव्हरले ठेवा. मूर्तीभोवती गुलाबी दिसलं तर अल्फा आहे. मग दोनशे टक्के झूम करून मुकुटाची कड पाहा. मुकुटाचीच का, तर पाषाणाच्या कडेवर दुसरा एक दोष लपून जातो.

कडेच्या पिक्सेलचा रंग दोन तऱ्हांनी साठवतात. स्ट्रेट म्हणजे मूळ रंग तसाच आणि अल्फा वेगळा, पीएनजी असंच ठेवते. प्रीमल्टिप्लाइड म्हणजे रंग आधीच अल्फाने गुणून ठेवलेला. मुकुटाची छटा २२० असेल तर निम्म्या पारदर्शक कडेवर तिचे आधीच ११० झालेले असतात. सदऱ्याचे ११५ मिळून २२५, हे बरोबर. पण सॉफ्टवेअरनं ती फाइल स्ट्रेट समजून पुन्हा निम्मी केली तर ५५ आणि ११५, म्हणजे १७०. मुकुटाभोवती काळपट रेघ उमटते. पाषाणाच्या छटेवर हाच फरक १३५ ऐवजी १२५ इतकाच पडतो आणि डोळ्याला कळत नाही. उपाय सोपा आहे. रिझॉल्व्हमध्ये Clip Attributes मध्ये Alpha Mode बदलावा, आफ्टर इफेक्ट्समध्ये Interpret Footage मध्ये. प्रतिमा पुन्हा कापायला बसण्याआधी हे जरूर पाहावं.

मोबाइलवरच्या बहुतेक ॲपमधून एमपी४शिवाय काही बाहेर पडत नाही. अशा वेळी लोक मूर्ती हिरव्या पाटीवर ठेवून देतात आणि पुढचा माणूस क्रोमा की लावतो. विठ्ठलाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. हिरव्याबरोबर तीही कापली जाते. पाटी निळी घ्यावी. तरी कडा पूर्ण स्वच्छ होणार नाहीत, कारण एमपी४मध्ये रंगाची माहिती साधारणपणे आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईनेच साठवलेली असते, आणि की तर रंगावरच चालते.

यापेक्षा चांगला मार्ग दोन एमपी४चा आहे, आणि तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही. एकात मूर्ती रंगीत, दुसऱ्यात तीच हालचाल पण मूर्ती पांढरी आणि बाकी काळं. प्रीमिअरमधल्या Track Matte Key ला दुसरी फाइल दाखवून Composite Using मध्ये Matte Luma निवडलं की तिचा उजेड अल्फाचं काम करतो. उजेडाची माहिती एमपी४मध्ये पूर्ण बारकाईने राहते, म्हणून या कडा क्रोमा कीपेक्षा कितीतरी नितळ येतात. दोन्ही फाइलींची लांबी आणि फ्रेमरेट मात्र तंतोतंत सारखे हवेत. एका फ्रेमचा फरक पडला तरी हलत्या माळेला सावलीसारखी कड दिसते.

जीआयएफला पारदर्शकता आहे, पण पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, त्यामुळे मूर्तीची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. वेबपानासाठी व्हीपी९ची वेबएम फाइल अल्फा ठेवते. तीही आतून दोन प्रवाहांचीच असते, रंगाचा एक आणि अल्फाचा एक. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर ती स्वीकारत नाहीत. ॲपलनं २०१९पासून आपल्या उपकरणांसाठी एचईव्हीसीत अल्फाची सोय केली आहे, पण ती ॲपलच्या कुंपणाबाहेर भरवशाची नाही.

हाती आलेल्या फाइलच्या आत काय आहे हे एका ओळीत कळतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt -of csv=p=0 vitthal.mov
```

उत्तरात `prores` आणि `yuva444` ने सुरू होणारं नाव आलं तर त्या फाइलीत अल्फाला जागा आहे, ती भरलेली आहे का ते गुलाबी पट्टी सांगेल. `h264,yuv420p` आलं तर पुढे काही करण्यात अर्थ नाही, मूळ प्रोजेक्ट असलेल्या माणसाला फोन करावा. व्हीपी९ची वेबएम इथे फसवू शकते. अल्फा असूनही `yuv420p` दिसू शकतं, कारण ffmpegच्या अनेक आवृत्त्यांतला नेहमीचा डीकोडर दुसरा प्रवाह वाचत नाही. तिच्यासाठी `alpha_mode` हा टॅग पाहावा.

दिंडीचा पूर्ण झालेला व्हिडिओ खुशाल एमपी४ करावा. त्याच्या खाली आता काही दिसायचं नाही, म्हणून त्याला अल्फा नको. अल्फा हवा तो फक्त मधल्या तुकड्याला. काम करून देणाऱ्यांनी मंडळाला तयार एमपी४बरोबर मूळ पीएनजी आणि ४४४४चा तुकडा पेनड्राइव्हवर द्यावा, आणि मंडळांनीही पैसे चुकते करण्याआधी या दोन फाइली मागून घ्याव्यात. पुढच्या आषाढीला दुसऱ्याच माणसाकडून काम करून घ्यायचं ठरलं तर त्याला काळ्या चौकटीतून विठ्ठल बाहेर काढत बसावं लागणार नाही.