पाळीच्या आधीच्या रात्री

पाळीच्या आधीच्या चार-सहा रात्री झोप बिघडते, ही अनेक स्त्रियांची तक्रार असते. कुणाला अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास डोळा लागत नाही. कुणाला झोप वेळेवर लागते, पण रात्री दोन-तीनच्या सुमारास दचकून जाग येते. छाती धडधडत असते, अंग गरम वाटते, आणि मुलांची फी, ऑफिसातले राहिलेले काम, आईचे दुखणे असे एकामागून एक काहीतरी डोक्यात फिरू लागते. दिवसा कारण नसताना धास्ती वाटते. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत हे सगळे ओसरते आणि पुढच्या महिन्यात त्याच सुमाराला परत येते.

याचे मूळ पाळीचक्राच्या उत्तरार्धात आहे. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. या काळात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वेगाने वाढते, पहिल्या आठवड्याच्या शेवटी कमाल पातळी गाठते आणि गर्भ राहिला नसेल तर पुन्हा झपाट्याने खाली येते. पाळीपूर्वीचा आठवडा म्हणजे बहुतांशी या उताराचा आठवडा. प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढते. झोप लागण्यासाठी आणि टिकण्यासाठी रात्री शरीर थोडे थंड व्हावे लागते, पण या दिवसांत तेवढा उतार होत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात बिनपंख्याच्या खोलीत झोपणारीला हे दिवस अधिक जड जातात, यात नवल नाही.

झोप आणि धास्ती यांना जोडणारा दुसरा धागा मेंदूत आहे. शरीरात प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे एक द्रव्य तयार होते. मेंदूला शांत करणारी ‘गाबा’ ही जी यंत्रणा आहे, तिच्यावर ते काम करते. झोपेच्या आणि चिंतेच्या कित्येक गोळ्यांचे कामही याच यंत्रणेवर चालते. त्यामुळे हे द्रव्य वाढले की गुंगी आणि शांतता यावी, अशी अपेक्षा असते, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत साधारण तसेच घडते. काही स्त्रियांचा मेंदू मात्र या द्रव्याच्या चढ-उताराशी नीट जुळवून घेत नाही आणि शांततेऐवजी चिडचिड, घालमेल, धडधड वाट्याला येते.

संप्रेरकांमुळे त्रास होतो, याचा अर्थ संप्रेरकांची पातळी बिघडली आहे असा नव्हे. 1998 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांना त्यांनी बीजकोशांचे काम तात्पुरते थांबवणारे औषध दिले, तेव्हा बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या प्रमाणात परत दिले, तर त्रास पुन्हा सुरू झाला. असा त्रास कधी न झालेल्या स्त्रियांना अगदी तेच दिले, तेव्हा त्यांना काहीच झाले नाही. याचा अर्थ, फरक रक्तातल्या संप्रेरकात नाही, त्याला मेंदू जे उत्तर देतो त्यात आहे. प्रोजेस्टेरॉनची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा ती तपासणी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत असते. महागडे ‘हॉर्मोन पॅकेज’ करूनही या त्रासाचे निदान होत नाही.

त्रासाची एक पायरी अशी की दोन-तीन रात्री झोप कमी, थोडी चिडचिड, पोट फुगणे, पण घर, नोकरी, नाती जशीच्या तशी चालू. हे बहुतेक स्त्रियांच्या अनुभवात असते आणि त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या पलीकडे ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर’, म्हणजे पीएमडीडी येतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 मध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. पाळी येणाऱ्या स्त्रियांपैकी शंभरात दोन ते सहा जणींना तो असतो, असे अंदाज आहेत. त्याच्या निकषांत अकरा लक्षणे आहेत. त्यांपैकी किमान पाच असावी लागतात आणि त्यांतले एक तरी मनाचे असावे लागते: टोकाची चिडचिड, खोल उदासी, तीव्र चिंता किंवा मन क्षणात पालटणे. निद्रानाश किंवा अतिझोप हे त्या अकरांतले एक लक्षण आहे. म्हणजे नुसती झोप बिघडली तर पीएमडीडी ठरत नाही. झोपेसोबत मनही कोलमडत असेल आणि त्यामुळे काम किंवा नाती बिघडत असतील, तरच तो ठरतो.

तरीही या सगळ्यांत निर्णायक आठवडा त्रासाचा नसतो, त्याच्या नंतरचा असतो. पाळी संपल्यानंतर त्रास जवळजवळ पूर्ण गेला पाहिजे. तो गेला की नाही हे आठवून सांगता येत नाही, कारण वाईट दिवसांची आठवण चांगल्या दिवसांनाही आपला रंग लावते. म्हणून किमान दोन पाळीचक्रे रोज नोंद ठेवणे हाच निदानाचा मार्ग आहे, आणि त्याला वही-पेन पुरते. रोज रात्री झोप, चिंता, चिडचिड, उदासी, एकाग्रता आणि कामावरचा परिणाम यांना 1 ते 6 गुण द्यायचे. 1 म्हणजे त्रास अजिबात नाही, 6 म्हणजे टोकाचा. झोपेच्या रकान्यात किती वाजता जाग आली आणि परत झोप लागायला किती वेळ गेला, हेही लिहावे. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा पहिला दिवस.

उदाहरणादाखल 34 वर्षांच्या एका शिक्षिकेची वही डोळ्यांसमोर आणावी. तिचे चक्र 28 दिवसांचे आहे. चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत चिंतेचे गुण 1, 1, 2, 1, 1, 1, 2 असे पडले. झोपेचेही जवळपास तसेच. एकविसाव्या दिवसापर्यंत फारसे काही घडले नाही. बाविसाव्या दिवशी 3, मग 4, 5, 5, 5, 4, 5. त्या सात रात्रींत ती रोज पहाटे तीनच्या आसपास जागी झाली. एकदा तिने वर्गात रडू दाबले, एकदा नवऱ्याशी इतके तोडून बोलली की नंतर तिलाच स्वतःची ओळख पटेना. पाळी सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी गुण 2 वर उतरले. चिडचिड, उदासी आणि एकाग्रता यांचे रकानेही याच चढणीने गेले आणि पुढच्या महिन्याची वही हुबेहूब अशीच निघाली. डॉक्टर या वहीत तीन गोष्टी पाहतात. पाळीआधीच्या सात दिवसांत निदान दोन दिवस गुण 4 किंवा वर आहेत का? चौथ्या ते दहाव्या दिवसांत ते 3 च्या वर एकदाही गेले नाहीत ना? आणि दोन्ही काळांतला फरक ठळक आहे का? या शिक्षिकेच्या वहीत तिन्ही उत्तरे होकारार्थी आहेत.

आता दुसरी वही. पाळीआधी 5 आणि 6, पण पाळीनंतरच्या आठवड्यातही 3 आणि 4. इथे त्रास महिनाभर आहे आणि पाळीपूर्वी तो फक्त उसळतो. मूळचा चिंताविकार, नैराश्य किंवा जुना निद्रानाश पाळीपूर्वी वाढणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे उपचार मूळ आजारापासून सुरू होतात. या दोन वह्यांची गल्लत हीच या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे.

वहीतून आणखीही काही उघड होते. धडधड, घाम, वजन कमी होणे आणि झोप न येणे महिनाभर सारखेच असेल तर थायरॉईडची तपासणी हवी. चाळिशीच्या आसपास चक्राची लांबी सात-सात दिवसांनी मागेपुढे होऊ लागली आणि रात्री अंग घामाने भिजून जाग येऊ लागली, तर रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ सुरू झाला असण्याची शक्यता मोठी. अंथरुणावर पडल्यावर पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, विशेषतः अंगावर खूप जात असेल तर, शरीरातले लोहाचे साठे तपासावेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वही वेगळी वाचावी लागते, कारण त्या गोळ्या स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रियाच थांबवतात. ‘गर्भपिशवी काढली की सुटका’ हा सल्ला इथे फसवा आहे. बीजकोश जागेवर असतील तर पाळी थांबते, चढ-उतार चालूच राहतो.

झोपेच्या प्रयोगशाळेत पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली तर गाढ झोप वगैरेंच्या मोजमापात इतर स्त्रियांपेक्षा फारसा फरक दिसत नाही. यावरून तक्रार खोटी ठरत नाही. यंत्र झोपेचे टप्पे मोजते. मधल्या जागेपणात मनाची काय अवस्था होती, ते त्यात उतरत नाही.

उपचारांत सेरट्रॅलिन किंवा फ्लुओक्सेटिनसारख्या सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पीएमडीडीत तो काही दिवसांतच दिसतो, म्हणून त्या फक्त पाळीआधीचे चौदा दिवसही देता येतात. सुरुवातीला त्यांनीच झोप उडाली तर डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात. दुसरा मार्ग ड्रोस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल, डोळ्यांपुढे चमक आणणारी अर्धशिशी असेल किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर तो चालत नाही. दर महिन्याला आठवडाभर अल्प्राझोलाम घेण्याची सवय मात्र धोक्याची. ही गोळी रात्र निभावून नेते, पण तिची सवय लागते आणि ती थांबली की झोप पहिल्यापेक्षा जास्त मोडते. पहाटे जाग आली तर घड्याळ न पाहणे, खोली थंड ठेवणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे आणि रोज उठण्याची वेळ एकच ठेवणे याने सौम्य त्रास कमी होतो. पीएमडीडी एवढ्याने आवरत नाही.

पाळीआधीच्या दिवसांत जगणे नकोसे वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे हेही पीएमडीडीत घडते, आणि पाळी आल्यावर ते विरतात म्हणून घरात त्यांची नोंदच होत नाही. असे विचार आले तर दोन महिन्यांची वही पुरी होण्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. वही नंतर ठेवता येते, आणि उपचार लागू पडतात की नाही हे पाहायलाही तीच उपयोगी पडते: औषध सुरू झाल्यावर पाळीआधीच्या सात दिवसांचे गुण पुढच्या दोन-तीन चक्रांत 3 च्या खाली आले नाहीत, तर मात्रा किंवा औषध बदलायला हवे.