आठ पट आणि चाळीस पट

घरातील धंद्याची वाटणी होते किंवा एखादा भागीदार बाजूला होतो, तेव्हा नावलौकिकाची किंमत ठरवण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. मागील काही वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किती पट रक्कम द्यायची, एवढेच दोन्ही बाजू बसून ठरवतात. शेअर बाजारातील ‘किंमत-उत्पन्न गुणोत्तर’, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘पीई’, ही हीच रीत होय. अनेक वाचक विचारतात, की स्वस्त शेअर घ्यावेत की वाढणाऱ्या कंपन्यांचे घ्यावेत? माझ्या मते हा प्रश्न एक पायरी आधी विचारायला हवा. मागितलेली किंमत पुढच्या नफ्याविषयी काय गृहीत धरते?

आटपाडीच्या पेठेत दोन दुकाने विक्रीस आहेत अशी कल्पना करू. दोन्हींचा वार्षिक नफा १० लाख रुपये. पहिले दुकान जुने, ठरलेल्या गिऱ्हाइकांचे. त्याची किंमत ८० लाख, म्हणजे नफ्याच्या आठ पट. दुसरे नवे, झपाट्याने वाढणारे. त्याची किंमत चार कोटी, म्हणजे चाळीस पट.

पहिल्या दुकानाकडून आपल्याला फारसे काही नको. नफा आहे तेवढाच राहिला आणि तो सगळा हाती आला, तरी ८० लाखांवर साडेबारा टक्के सुटतात. ही मूल्याधारित गुंतवणूक. बेंजामिन ग्रॅहॅम यांनी १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात तिची शिस्तबद्ध मांडणी केली. ‘आम्ही भविष्याचे भाकीत करत नाही’ असे तिचे अनुयायी अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. ‘आजचा नफा टिकेल’ हेही भाकीतच आहे. समजा, नफा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटू लागला. पहिल्या वर्षी नऊ लाख, दुसऱ्या वर्षी आठ लाख दहा हजार, असे करत दुकान कायमचे चालू राहिले, तरी सर्व वर्षांची बेरीज ९० लाखांपुढे जात नाही. म्हणजे ८० लाख गुंतवून सगळ्या आयुष्यात दहा लाख सुटले.

दुसऱ्या दुकानाचा हिशेब उलट्या दिशेने मांडावा लागतो. चार कोटींवर दरसाल १२ टक्के हवे असतील, तर दहा वर्षांनी दुकानाची किंमत सुमारे १२ कोटी ४२ लाख व्हायला हवी. (नफा वाढीसाठी धंद्यातच राहतो, हातात काही येत नाही, असे धरले आहे.) तोवर दुकान जुने झालेले असेल. तेव्हाचा खरेदीदार चाळीस पट कशाला देईल? पंधरा पट देईल असे धरू. मग त्या वर्षीचा नफा ८३ लाखांच्या घरात हवा, म्हणजे आजच्या आठ पटींहून जास्त. त्यासाठी सलग दहा वर्षे साडेतेवीस टक्क्यांची वाढ लागते. वृद्धी-गुंतवणूकदार ही किंमत देतो, तेव्हा एवढे सगळे त्याने मान्य केलेले असते. अनेकदा कागदावर न मांडता.

अशी मोठी अपेक्षा पूर्ण झाली, तर काय होते? याचे उत्तर १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसमध्ये सापडते. ३१ मार्च २००० रोजी बाजाराने या कंपनीची किंमत सुमारे ५९,३०० कोटी रुपये केली होती. त्या वर्षीचा नफा होता सुमारे २९३ कोटी, म्हणजे किंमत नफ्याच्या दोनशे पट. पुढच्याच वर्षी नफा दुपटीहून अधिक होऊन ६२८ कोटींवर गेला. आणि मार्च २००१ मध्ये बाजारमूल्य २७ हजार कोटींच्या खाली आले होते. कंपनीचे काहीच बिघडले नव्हते. बाजाराने फक्त दोनशे पटींऐवजी त्रेचाळीस पट द्यायचे ठरवले होते.

बरे, घाबरून न विकता कोणी दहा वर्षे थांबला असता तर? २००९-१० मध्ये नफा सहा हजार दोनशे कोटींच्या पुढे गेला. एकवीस पट वाढ! एवढी वाढ फार थोड्या कंपन्यांच्या वाट्याला येते. तरीही, मधल्या काळातील बक्षीस शेअर हिशेबात धरून, २००० च्या मार्चअखेरीस घेतलेल्या शेअरवर वर्षाला सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपासच वाढ पडली, लाभांश वेगळा. २००० साली बँकेतील मुदत ठेवीचा दरही याच आसपास होता. कंपनीची पारख अचूक होती. मात्र तिची दहा वर्षांची वाढ खरेदीच्या दिवशीच मोजून दिली गेली होती.

उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे. दिल्ली आणि मुंबईचे दूरध्वनी चालवण्यासाठी १९८६ साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. १९९७ मध्ये ते ‘नवरत्न’ ठरले. या शतकाच्या आरंभी त्याचा नफा शेकडो कोटींचा होता, लाभांश नियमित होता आणि पीई कमी होता. मूल्याचे पाठ्यपुस्तक समोर ठेवले तर सारे काही जुळत होते. पण घरोघरचा काळा दूरध्वनी जाऊन हातात मोबाइल येत होता. निगमाच्या दाराशी जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक आता जोडणी परत करण्यासाठी येऊ लागले होते. २०१० मध्ये ध्वनिलहरींच्या परवान्यांसाठी सुमारे ११ हजार कोटी मोजले गेले, तेही मुख्यतः कर्ज काढून. २००९-१० पासून निगम तोट्यात गेले ते गेलेच.

दोन्ही रीतींत धोका ओळखण्याची खूण वेगळी आहे. शेअर स्वस्त दिसला, तर नफ्याआधी गिऱ्हाइकांची संख्या पाहावी. ती घटत असेल, तर भाववाढ किंवा खर्चकपात करून नफा काही वर्षे जागेवर ठेवता येतो, त्यापुढे नाही. शिवाय एका वर्षाचा नफा धरू नये. डाळिंबाला भाव असलेल्या वर्षातला आपल्या तालुक्यातील आडत दुकानाचा नफा पाहून कोणी जाणता माणूस त्या दुकानाची किंमत ठरवणार नाही. तेल्या आलेली वर्षेही तो सरासरीत घेईल. पोलाद, साखर, सिमेंट या धंद्यांचा पीई नेमका तेजीच्या शिखरावर सर्वांत कमी दिसतो, कारण तेव्हा भागाकारात खाली असलेला नफा फुगलेला असतो. बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही एकाच वर्षाच्या ताळेबंदावर विसंबत नसू, ते याचसाठी.

महाग शेअरच्या बाबतीत वरचा उलटा हिशेब स्वतः करावा आणि जी वाढ निघेल, ती दहा वर्षे सलग साधलेल्या किती कंपन्या आपल्याला आठवतात, ते मोजून पाहावे.

राहता राहिला छापील पीई. २०१३-१४ मध्ये त्याच टेलिफोन निगमाने साडेसात हजार कोटींहून अधिक नफा दाखवला. निवृत्तिवेतनाचा बोजा सरकारने उचलल्यामुळे आधी केलेल्या तरतुदी परत जमेला आल्या होत्या. धंद्यातून तोटाच होत होता. निगमाचे शेअर ६३ कोटी. त्या नफ्याला त्यांनी भागले, तर दर शेअरमागे शंभराहून अधिक रुपये मिळकत दिसते, आणि शेअरचा भाव तर त्याच्या निम्म्यानेही नव्हता. कागदावर पीई एकापेक्षा कमी! पुढच्याच वर्षी निगम पुन्हा तोट्यात होते.