दरबार सुटला, वाद्यवृंद वाढला

सिम्फनी ऑर्केस्ट्रा दरबारात जन्मला, पण तो वाढला तिकिटावर. १७६१ मध्ये हायडन एस्टरहाझी सरदारांकडे रुजू झाला, तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम पंधराएक वादक होते. राजवाड्याच्या दालनाला तेवढे पुरत. १७९५ मध्ये लंडनच्या सार्वजनिक मैफलींत हा आकडा साठाच्या घरात गेला, कारण तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही सूर पोचायला हवा होता. खरे श्रेय सुधारलेल्या वाद्यांचे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निम्मा बरोबर आहे. जुन्या हॉर्नमधून नळीच्या लांबीला मिळणारे स्वरच मोकळे निघत. पट्टी बदलली की वादक नळीचा तुकडा बदलत बसे. १८१५च्या सुमारास झडपा आल्या आणि ही कटकट हळूहळू संपली. पण बेथोव्हनने पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोन आणले ते १८०८ मध्येच, झडपांच्या आधी. आणि सरकत्या नळीचे हे वाद्य तोवर चर्चमध्ये नि ऑपेरात शतकानुशतके वाजत होते. म्हणजे वाद्य होतेच, त्याला सामावून घेणारे सभागृह आणि पैसा देणारा श्रोता नंतर मिळाला. मुंबईत एनसीपीएने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तोही दरबाराची पायरी न चढता, अनेक वादक परदेशांतून आणून.