फोटो गेला, आता आकृती कुठली?

आमच्या शंकासमाधान सदराकडे वराळ्याहून (ता. मावळ) आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला होता. प्रश्न एका ओळीचा: ‘या आकृतीतली घंटा वाजणार नाही, बरोबर ना?’ सोबत मोबाइलवर काढलेला फोटो आणि खाली पान क्रमांक. अंक जुळवताना फोटो उघडायला गेलो, तर नुसता धूसर चौकोन. पाठवणाऱ्यांच्या फोनमधूनही तो केव्हाच पुसला गेलेला. त्यांनी दिलेले पान आमच्या प्रतीत काढले, तर तिथे घंटा नाही, दुसराच मजकूर.

पान क्रमांकाचा हा घोळ आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले, मध्ये वहीची पाने आली आणि पाठ तेच राहून पाने बदलली. जानेवारी 2025 मध्ये शासनाने ती योजना मागे घेतली. आज एकाच वर्गात जुनी अखंड प्रत, चार भागांतली प्रत आणि पीडीएफ अशी तिन्ही रूपे सापडतात. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ व प्रस्तावनेची पानेही मोजली जातात, म्हणून स्क्रीनवरचा पानाचा आकडा छापील आकड्यापेक्षा पुढे असतो. भाग करताना कुठले पान कुठे गेले याचा साधा तक्ता पुस्तकासोबत द्यावा, असे कोणाला सुचले नसावे. आमच्या पाहण्यात तरी तो आला नाही. वहीची पाने घालायला वेळ मिळाला, पानांचा ताळा द्यायला मिळाला नाही!

आता त्या घंटेकडे. पाठ चौथा, ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’. विद्युतचुंबकाच्या माहितीनंतर विद्युत घंटेचा भाग येतो. आकृती ओळखायला एवढे पुरते. पण उत्तर द्यायला पुरत नाही, कारण घंटेची आकृती ही चालत्या यंत्राचा एक क्षण असते. लोखंडी पट्टी संपर्क स्क्रूला टेकलेली असेल, तर परिपथ पूर्ण आहे. विद्युतचुंबक आता पट्टी ओढणार आणि टोल घंटेवर आपटणार. पट्टी विद्युतचुंबकाकडे ओढलेली आणि स्क्रूपासून सुटलेली असेल, तर त्या क्षणी धारा शून्य. पट्टी परत येऊन स्क्रूला टेकणार. दोन्ही आकृत्या बरोबर, दोन्हींतली घंटा वाजते. मात्र घटाकडून आलेल्या दोन्ही तारा थेट कुंतलाच्या टोकांना जोडल्या असतील आणि पट्टी व स्क्रू परिपथाबाहेर राहिले असतील, तर टोल एकदा आपटेल आणि पट्टी चिकटून राहील. तसे असेल तर आमच्या वाचकांची शंका खरी आणि आकृती चुकीची.

म्हणजे सगळा निकाल एका वाक्यावर अडला: पट्टी स्क्रूला टेकली आहे का, आणि धारा त्या दोघांमधून जाते का? हे वाक्य पत्रात असते तर फोटो नसतानाही उत्तर गेल्याच अंकात छापता आले असते. मजकुरावरून अंदाज बांधावा, तर मजकूर पूर्ण आवर्तन सांगतो, संपर्क जुळणे आणि तुटणे दोन्ही; चित्रकाराने त्यातला कुठला क्षण धरला ते त्यातून कळत नाही. आकृतीखालचा मथळा तर फक्त यंत्राचे नाव सांगतो.

हा दोष एकट्या वराळ्याच्या शिक्षकांचा नाही. प्रशिक्षणात वाटलेल्या स्वाध्यायपत्रिकाही ‘पान अमुकवरील आकृती पाहा’ एवढेच म्हणतात आणि पुढच्या पुनर्मुद्रणाला निरुपयोगी होतात. आकृतीला पाठाच्या क्रमांकासह दिलेला आकडा पान हलले तरी हलत नाही, पण तो लिहिण्याचा कंटाळा आपल्याला भारी! जुन्या अंकांतली उत्तरे मागवणाऱ्यांना त्याचा भुर्दंड पडतो: उत्तर हाती येते, ते कशाचे हे कळत नाही.

तेव्हा पुढच्या अंकापासून या सदरात नुसत्या फोटोचा प्रश्न घेतला जाणार नाही. फोटो जरूर पाठवा, पण सोबत इयत्ता, विषय, प्रथमावृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे साल, प्रत अखंड की भागांतली, पाठ, आकृतीचा क्रमांक व मथळा लिहा. पान छापील की पीडीएफचे, तेही सांगा. आकृतीच्या आधीचा आणि नंतरचा विषय एकेका ओळीत द्या. शेवटी ज्या जागी शंका आहे तिथे काय कशाला जोडले आहे, काय टेकले आहे, बाण कुठल्या दिशेला आहे, हे आपल्या शब्दांत लिहा. वराळ्याच्या वाचकांनी स्क्रू आणि पट्टीविषयीची ती एक ओळ तेवढी कळवावी. उत्तर तयार आहे.