सहा वर्षं पूर्ण झाली की...

कैदी आईजवळ तुरुंगात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात हा नियम घालून दिला. त्यानंतर मूल आईने सांगितलेल्या माणसाकडे किंवा बालगृहात जातं. म्हणजे आई दुरावते आणि पहिलीचं दप्तर येतं, दोन्ही एकदमच! असं मूल वर्गात गप्प बसलं तर त्याला लगेच 'मंद' ठरवू नका.

बालगृहातल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आईची भेट मिळाली पाहिजे, असंही न्यायालयाने सांगितलंय. भेटीचा दिवस तुरुंग अधीक्षक ठरवतात, तो शाळेचाही असू शकतो. त्या खाड्याबद्दल मुलाला रागावू नये, बुडालेला पाठ दुसऱ्या दिवशी घ्यावा. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, असा आदेश आहे. मग वर्गात तरी तो शब्द आपण का काढायचा?