पत्रक कोणासाठी?

रोग्यांसाठी काढलेले माहितीपत्रक डॉक्टरांना पसंत पडले की काम झाले, असे आपल्याकडे समजले जाते. माझ्या मते त्या पत्रकाची खरी परीक्षा ते ज्या घरात जाणार, त्या घरातच व्हायला हवी.

आमच्या गावात जलसंजीवनीचे एक पत्रक वाटले होते. त्यात वाक्य होते : ‘अतिसारामुळे उद्भवणाऱ्या निर्जलीकरणाच्या प्रतिबंधार्थ पाकिटातील क्षार एक लिटर निर्जंतुक जलात विरघळवून बालकास वारंवार प्राशनार्थ द्यावेत.’ माझी आई चौथी शिकलेली. तिने ते अडखळत का होईना, पुरते वाचले. मग मी पत्रक बाजूला ठेवून विचारले, ‘‘आई, आता काय करशील ते करून दाखव.’’ तिने तांब्या उचलला आणि म्हणाली, ‘‘हे पाजलं की जुलाब थांबतील.’’

अक्षरे वाचता आली, पण दोन गोष्टी निसटल्या. तांब्यात लिटरभर पाणी मावत नाही. पाणी कमी पडले तर मिश्रण फार खारट होते आणि मुलाला अपाय होतो. दुसरे, जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. अंगातून गेलेले पाणी व मीठ भरून निघते. हे ठाऊक नसेल तर ‘गुण येत नाही’ म्हणून आई पाजायचे सोडून देते, आणि धोका तिथेच असतो.

इंग्रजीत वाक्याची व शब्दांची लांबी मोजून मजकूर किती सोपा हे ठरवतात. रूडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र असेच आहे. ते मराठीला जसेच्या तसे लावता येत नाही. ‘शेजारणीकडूनसुद्धा’ हा शब्द लांबलचक, पण कोणालाही कळतो. ‘क्षार’ एवढासा, पण तिथेच गाडी अडते. म्हणून सांगायला आणि करून दाखवायला लावणे हीच आपली मोजपट्टी.

आईशी बोलत मी तो मजकूर असा लिहिला :

‘मुलाला जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं. ते भरून काढायला ओ.आर.एस. पाजा. पाणी उकळून गार करा. एक लिटरची बाटली भरून मोजून घ्या. त्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धं नको. ढवळा. दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. जुलाब लगेच थांबणार नाहीत, तरी पाजत राहा. उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या. मूल पीत नसेल, मलूल पडलं असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या.’

‘ओ.आर.एस.’ मुद्दाम ठेवले, कारण पाकिटावर तेच छापलेले असते आणि दुकानात तेच मागावे लागते. सोपे करताना औषधाचे प्रमाण बदलू नये, म्हणून असा मजकूर छापण्यापूर्वी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलाच पाहिजे.

काही प्राध्यापक म्हणतील, ही बोली झाली, प्रमाण मराठी नव्हे. ‘प्राशन’ हा शब्द निबंधात शोभतो, हे मलाही मान्य आहे. पण तापलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला ‘पाजा’ हाच शब्द हवा असतो.