तारीख वाचता, मग खालची ओळ कोण वाचणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या बीडच्या घरात एकाच सकाळी दोन गोष्टी झाल्या. आईने टोस्टचा न फोडलेला पुडा कचऱ्यात टाकला, कारण त्याची तारीख आदल्या दिवशी संपली होती. आणि रात्रभर लाईट नसल्यामुळे कोमट झालेल्या फ्रीजमधलं दूध उकळून भाच्याला दिलं, कारण पिशवीवर उद्याची तारीख होती. माझ्या मते दोन्ही निर्णय उलटे झाले. पण दोष आईचा नाही, आपल्याला तारखेची भाषा कुणी शिकवलीच नाही.

‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि कुरकुरीतपणाची मुदत आहे. ती उलटल्यावरही पदार्थ खाण्यायोग्य असू शकतो, असं अन्नसुरक्षेचे नियमच सांगतात. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यानंतर सुरक्षिततेचा भरवसा नाही आणि माल विकायलाही बंदी. फरक एवढा स्वच्छ होता. पण १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या लेबलच्या नियमांनी बहुतेक पाकिटांवर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ सक्तीचं केलं आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवलं. आता टोस्टवरही तोच शब्द आणि पनीरवरही तोच! सगळ्यांनाच घाबरवलं, की खरं कशाला घाबरायचं ते कळत नाही.

मग ओळखायचं कसं? पदार्थात पाणी किती आहे ते बघा. टोस्ट, बिस्किट, डाळ, तांदूळ कोरडे असतात, तिथे जंतू वाढत नाहीत. टोस्ट फार तर मऊ पडतो किंवा त्यातलं तेल खवट होतं, आणि खवटपणा नाकाला लगेच कळतो. पुडा बंद असेल, वास ठीक असेल, बुरशी-किडे नसतील, तर घरात मुदतीनंतर काही दिवस खायला हरकत नाही. दूध, पनीर यांचं तसं नाही. त्यात वाढणारे काही जंतू वास न बदलता आजारी पाडतात, आणि काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. लहान बाळाच्या डब्याबंद आहाराची तारीख तर कधीच ओलांडू नका.

आणि तारखेजवळची ती बारीक ओळ वाचा : ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’, ‘फ्रीजमध्ये ठेवा’. तारीख या अटीवरच दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या दुकानात, किंवा बंद पडलेल्या फ्रीजमध्ये, ती अट मोडते आणि छापलेली तारीख लांबची असली तरी निकामी होते. पाकीट फोडल्यावरही तसंच.

एक मात्र लक्षात ठेवा. तारखेकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आपल्या स्वयंपाकघरापुरती आहे, दुकानदाराला नाही. एक्स्पायरी उलटलेला पुडा ‘निम्म्या भावात घ्या’ म्हणून कुणी पुढे केला, तर तो परत करा. घरातला शिळा टोस्ट खाणं ही आपली निवड आहे. तो आपल्याला विकणं हा गुन्हा आहे.